गुलाबराव साऊंडवाल्यांचे कान

जळगाव जामोदहून संग्रामपूरकडे जाताना सातपुडा डाव्या अंगाने डोकावत राहतो, त्या पट्ट्यात आमचं गाव आहे. गावात बारसं असो, लग्न असो की गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, लोक मंडपवाल्याच्या आधी गुलाबरावांना गाठतात. 'तथागत साऊंड सर्व्हिस' अशी पाटी त्यांच्या घरावर आहे. ती त्यांनीच रंगवली असल्यामुळे तिच्यातला 'र्व्हि' जरा कोंबल्यासारखा दिसतो. त्यांच्या भिंतीला भिंत लावून माझी पिठाची चक्की आहे. मी पुष्पांजली, तोंडाने तिखट. हे मी नाही, गावच सांगतं. चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची मला सवय झाली आहे, आणि कदाचित म्हणूनच गुलाबराव माझ्याशी जास्त बोलायचे. त्यांना माझंच बोलणं नीट ऐकू यायचं.

हो, गुलाबरावांना ऐकू कमी येतं. गावाला हे ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. पोरसवदा असताना ते दुसऱ्याच्या भोंग्याची बॅटरी डोक्यावर वाहायचे. पुढे स्वतःचा अॅम्प्लिफायर घेतला, दोन भोंगे घेतले. मग मिरवणुकीत ते मोठाले डबे आले, ज्यांच्यासमोर उभं राहिलं तर छातीतलं काळीज उडतं. गुलाबराव वर्षानुवर्षं त्या डब्यांना खेटून उभे राहिले, कारण वायर निसटली तर ती जोडणारा माणूस जवळच हवा. कान हळूहळू गेले. पण बहिऱ्या साऊंडवाल्याला कोण सुपारी देईल? म्हणून ते अॅम्प्लिफायरवरच्या काट्याकडे बघून आवाज लावायचे. डब्यावर तळहात ठेवला की आवाज फाटतोय की साफ आहे हे त्यांना कळायचं. काम चोख व्हायचं आणि अब्रूही झाकली जायची. घरात तानाबाई, म्हणजे त्यांची बायको, कोणी काही विचारलं की नवऱ्याच्या आधी स्वतःच उत्तर द्यायची. लोकांना वाटायचं, बाई फार पुढे पुढे करते. तिला ते चालायचं.

त्यांना एकच लेक, मयुरी. पोरगी आमच्या वस्तीतून नर्सिंग करून जर्मनीला गेलेली पहिली. तिथली भाषा शिकताना ती आमच्या ओट्यावर बसून पाठांतर करायची आणि माझी चक्की चालू झाली की कानात बोटं घालायची. तिथल्या एका लहान शहराच्या हॉस्पिटलात ती लागली, तेव्हा बुद्धविहारात तिचा फोटो लावून सत्कार झाला. पोरगी नव्हती, तरी फोटोच्या गळ्यात हार घातला. मला ते बरं दिसलं नाही, मी बोललेसुद्धा. पुंजाजी, विहाराचं सगळं बघणारे आमचे म्हातारे, म्हणाले, बाई, आनंदाचा हार आहे.

दर रविवारी मयुरीचा फोन यायचा. अधल्यामधल्या दिवशी ती आवाजात निरोप पाठवायची, म्हणजे व्हॉट्सअॅपवर बोलून ठेवायची. गुलाबरावांना फोन कानाला लावून ते शब्द लागायचे नाहीत. म्हणून ते फोनला वायर लावून घरातल्या लहान अॅम्प्लिफायरला जोडायचे, समोर एक डबा ठेवायचे आणि त्याला कान लावून बसायचे. लेकीला वाटायचं, बाबा हौसेनं मोठ्यानं लावतात. ती हसायची, म्हणायची, अख्ख्या गावाला ऐकवता का. बाबाही हसायचे. कानांचं त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. पोरगी नर्स, लगेच काळजीला लागली असती आणि दूर बसून रडली असती.

गेल्या वर्षी पोळा झाला आणि मयुरीचे फोन थांबले. केला तर उचलायची नाही. 'ड्युटी आहे, बरी आहे' एवढं लिहून पाठवायची. व्हिडिओ तर नकोच म्हणायची. तानाबाई दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायची. पोरीनं तिकडं कोणी गाठला असंल, गुलाबरावांना वाटायचं. तानाबाईला वाटायचं, पोरगी दुखण्यात आहे. शेगावकडचं एक स्थळ मयुरीसाठी बोलणीत होतं, तेही विचारायला लागले होते की मुलीचा विचार काय आहे. मी तानाबाईला म्हणाले, जिथं आई एवढी तळमळते तिथं काहीतरी असतंच, पण लेक मोठी आहे, वेळ येईल तेव्हा सांगेल. मी शहाणपणा सांगण्यात कधी मागे नसते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. गुलाबरावांनी मोठा अॅम्प्लिफायर विहाराच्या बाजूच्या खोलीत मांडला होता. विहारासमोरच्या खांबावर दोन भोंगे चढवले, एक गावाकडे तोंड करून, एक वावरांकडे. लाईट गेली तरी बॅटरीवर चालावं अशी सोय केली, कारण आमच्याकडची लाईट नेमकी भाषणालाच जाते. घरचा लहान अॅम्प्लिफायरही त्यांनी सामानात बांधून तिथंच आणला होता. टेस्टिंग झालं. पुंजाजींनी बाहेरून हात हलवून झकास म्हटलं आणि ते निळे झेंडे आणायला निघाले.

तेवढ्यात गुलाबरावांच्या खिशातला फोन थरथरला. मयुरीचा आवाजातला निरोप. इतक्या दिवसांनी. त्यांना बांधलेल्या सामानातून लहान अॅम्प्लिफायर सोडवून काढायचा धीर उरला नसणार. त्यांनी खोलीचं दार आतून लावलं, कडी घातली, कारण निरोप लेकीचा होता आणि त्यांना तो एकट्यानं ऐकायचा होता. फोनची वायर मोठ्या अॅम्प्लिफायरला जोडली, शेजारच्या डब्याला कान लावला. भोंग्यांची वायर काढायची राहिली. साऊंडमध्ये आयुष्य गेलेला माणूस ती वायर एरवी झोपेतही विसरला नसता.

मी ज्वारी दळत होते. दळणाला आलेली बाई अचानक वर बोट करून उभी राहिली. मी चक्की बंद केली, आणि आभाळातून मयुरीचा आवाज आला.

"आई, बाबा, जय भीम. बाबा, हे मोठ्यानं लावू नका. आईले जवळ घ्या, दार लावून घ्या, मंग ऐका."

ती इतकं हळू बोलत होती की आत बसलेल्या बापाला ते लागलंच नसावं. त्यांनी आवाज वाढवला. पुढचं सगळं गावाला शब्दन् शब्द ऐकू गेलं.

"तुम्हाले वाटत असंल मी रागावली. मी रागावली नव्हती, मी भेली होती. ऑगस्टच्या शेवटी वार्डात एका माणसाचं रक्त घेऊन राह्यली होती. सुई काढली अन् त्यानं हात झटकला. सुईवर झाकण सरकवाच्या आत ती माह्या बोटात गेली. हातमोजा होता, पण मोज्यानं सुई थांबत नाही. त्या माणसाले एचआयव्ही हाये. अन् त्यानं कितीक महिन्यांपासून त्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या. रोज गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात तो विषाणू इतका दबते का भेव राह्यत नाही. याच्या रक्तात तो होता."

मी धावले. रस्त्यावर माणसं होती तिथंच थांबलेली होती. कोणी सायकल धरून, कोणी हातात बादली घेऊन. मी खोलीचं दार बडवलं. हाका मारल्या. आतल्या माणसाचा एक कान डब्याला चिकटलेला, दुसरा कधीचाच गेलेला. बाहेरच्या बोर्डातली पिन मी उपटली, तर आवाज बॅटरीवर तसाच चालू राहिला.

"मी बोटातून रक्त वाहू देलं, जंतुनाशकाचा बोळा धरून ठेवला, लगेच मोठ्या सिस्टरले सांगतलं. इथं असं झालं का कोणी लपवत नाही. कामावरचा अपघात म्हणून नोंद करते, त्याचे डॉक्टर वेगळे असते. त्यायनं माहं रक्त घेतलं, त्या माणसाचं घेतलं, अन् दोन घंट्याच्या आत मले पह्यली गोळी देली. ती जेवढी लवकर घेतली तेवढी चांगली, तीन दिवस गेले का मंग तिचा उपेग नाही. अठ्ठावीस दिवस रोज घ्या लागते, एकही चुकवता येत नाही. गोळ्यायनं पोट ढवळे. मी उलट्या करून ड्युटीवर जाओ. आई, व्हिडिओवर तू माहं तोंड पाह्यलं असतं तर तुले तवाच समजलं असतं, म्हणून मी फोन नाही केला. खोटं बोलता नाही येत मले तुह्याशी."

त्या वेळी तानाबाई गावातल्या कुलदीपच्या वावरात वेचणीला होती, गावापासून चांगल्या अंतरावर, इतर बायांसोबत, कमरेला ओटा, म्हणजे वेचलेला कापूस भरायचं फडकं, बांधून. तिनं मला नंतर सांगितलं की पहिल्यांदा तिला वाटलं लेक परत आली. विहारात माइकवर बोलतेय, उद्याच्या कार्यक्रमासाठी तिला कोणी आणलंय. ती हसली होती म्हणे. मग शब्द लागायला लागले. समताची आई शेजारच्या सरीत होती. समता म्हणजे मयुरीची शाळेतली मैत्रीण, आता पुण्यात नोकरीला असते. तिच्या आईनं तानाबाईचा हात धरला. तानाबाईनं तो सोडवला आणि ओट्यातल्या कापसासकट धावत सुटली. भोंगा तिच्या तोंडासमोर बोलत होता.

"सहा आठवड्यांची तपासणी परवा आली, ती चांगली हाये. त्याच्यामुळंच आज बोलाची हिंमत झाली. पण ती शेवटची नाही. गोळ्या घेतल्या का शरीर उशिरा सांगते, म्हणून शेवटचं रक्त डिसेंबरात घेतीन. बाबा, सुई लागून हे व्हायची शक्यता हजारात तीन माणसायची. गोळ्या वेळेवर घेतल्या का त्याच्याहूनही लई कमी. हे मीच पेशंटच्या नातेवाईकायले समजावून सांगते. दिवसा मलेही पटते. झोपाले गेली का वाटते, मी त्या तिघायतलीच हावो."

इथं ती थांबली. भोंग्यातून नुसता श्वास येत होता.

"अन् मले शेवंताबाई आठवते. तिचा नवरा ट्रकवर होता, त्याच्यापासून तिले लागण झाली तवा हातपंपावर तिची घागर अलग ठेवत होते. मी तिच्या घरी पाणी पेली होती तर तू मले ओरडली होती, आई. तिच्या हातचं पाणी पेल्यानं काहीच होत नव्हतं. हे मी आता लोकायले शिकवते. पण आपल्या गावात मले शेवंताबाई नाही व्हाचं. म्हणून कोणाले सांगू नका. डिसेंबरपावतर कोणालेच नाही, शेगावच्या लोकायलेही नाही. मी काम करून राह्यली, मले कामावरून कोणी काढलं नाही. जेवते. तुमच्या दोघायशिवाय मले सांगाले कोणी नाही, म्हणून सांगतलं. बस."

भोंगा बंद पडला नाही, नुसता गुणगुणत राहिला. शेवंताबाईची घागर वेगळी ठेवणाऱ्यांतले कितीतरी तिथंच उभे होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

कडी निघाली. गुलाबराव बाहेर आले. डोळे लाल, मिशी ओली. एवढी माणसं बघून ते दचकले. पुंजाजी रस्त्यातूनच मागे फिरले होते, काखेत रिकामी पिशवी घेऊन सगळ्यांत पुढे उभे होते. गुलाबराव त्यांना म्हणाले, डोळ्यात धूळ गेली, काय झालं, एवढे जण काहून जमले?

पुंजाजी दोन पावलं पुढे आले. मग मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टेस्टिंग आयकाले आलो, गुलाबराव. लई साफ आवाज हाये."

आणि माणसं पांगली. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला खूण केली नव्हती. मी, जी कोणाच्या बापाला भीत नाही, मीही गप्प माझ्या चक्कीकडे वळले. तेवढ्यात तानाबाई पोचली. तिच्या ओट्यातला कापूस वाटभर सांडला होता. गुलाबरावांनी तिला खोलीत ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. कुजबुजत सांगितलं, म्हणजे त्यांच्या मते. बहिऱ्याची कुजबुज ती. सुई, गोळ्या, डिसेंबर, सगळं मला पुन्हा बाहेर रस्त्यावर ऐकू आलं. शेवटी ते म्हणाले, "कोणाले सांगू नको. पोरीनं शप्पत घातली हाये."

तानाबाई म्हणाली, "नाही सांगत." मग तिनं हात लांब करून भोंग्यांची वायर काढली. गुलाबरावांचं तिकडे लक्ष नव्हतं.

भोंगे चालू होते हे तिनं त्यांना का नाही सांगितलं, असं मी तिला विचारलं होतं. म्हणाली, कसं सांगू, त्याच्या हातानं झालं म्हणून? आधीच लेकीच्या धसक्यानं अर्धा मेला तो. मला ते पटलं नाही. खोटी सावली देऊन ऊन थोडंच कमी होतं, असं माझं म्हणणं. पण बायको ती होती, मी नव्हते.

पुढचे दिवस विचित्र गेले. गुलाबराव गावभर सांगत फिरायचे की मयुरीचा निरोप आला, मजेत आहे, तिकडे थंडी सुरू झाली. ऐकणारा मान हलवायचा. हॉटेलात त्यांच्या चहाचे पैसे कोणीतरी आधीच देऊन ठेवायचं आणि त्यांना वाटायचं, पोरगी परदेशात म्हणून मान वाढला. पाठीमागे मात्र जे व्हायचं ते झालंच. एकीनं मला विचारलं, मयुरीनं तिकडून पाठवलेल्या चॉकलेटनं काही होत नाही ना? मी तिला तिचं दळण परत दिलं आणि सांगितलं, बाई, ह्या चक्कीवर येऊ नको, इथं अकलेचं दळण होत नाही. शेगावकडच्यांचा फोन यायचा थांबला. भोंग्याचा आवाज शेगावपर्यंत जात नाही, पण पाहुण्यांचे पाहुणे सगळीकडे असतात. गुलाबरावांनी एकदा फोन केला तर ते म्हणाले, यंदा मुलाचं करायचं नाही. गुलाबरावांना नवल वाटलं.

आणि जिनं सगळं गुपित ठेवायला सांगितलं होतं, तिलाच ते सगळ्यांत शेवटी कळलं. समताच्या आईनं समताला सांगितलं. समता गुणी पोरगी, तिनं मयुरीला धीराचे चार शब्द लिहिले. लिहिलं की घाबरू नको, सगळा गाव तुझ्यासाठी हळहळतोय. मयुरीचा निरोप घरी आला तो लिहिलेला, दोन ओळींचा. गुलाबरावांनी तो मला दाखवला, म्हणून मला माहीत. 'बाबा, कोणाला सांगू नका म्हटलं होतं. सगळ्या गावाला सांगितलं?'

त्यांनी तर कोणाला सांगितलं नव्हतं. मग उरली कोण? तानाबाई. त्यांनी तिला विचारलं, तू सांगतलं? तानाबाई म्हणाली, हाव, माह्याच तोंडून गेलं, वावरात. त्यांनी लेकीला तसंच लिहून कळवलं आणि तानाबाईशी बोलणं सोडलं. ताट वाढलं तर जेवायचे, पण वर बघायचे नाहीत. तानाबाई त्यांच्यासाठी लोकांना उत्तरं देत राहिली, पहिल्यासारखीच. ती वाळत चालली. माझ्या ओट्यावर बसायची तर नुसती बसून राहायची. तिला लेकीची डिसेंबरची भीती होती, त्यात नवऱ्याचं तोंड फिरलेलं, आणि लेकीच्या लेखीही आता तीच चुगलखोर ठरली होती.

मला हे बघवेना. एके दुपारी गुलाबराव दळण घेऊन आले आणि बोलता बोलता म्हणाले, बाईच्या पोटात काही राहत नाही, पोरीचं वाटोळं केलं हिनं. मी चक्कीचा पट्टा थांबवला. त्यांना भोंग्यांचं सांगू नको म्हणून तानाबाईनं मला शपथ घातली होती, ती मी त्या क्षणी मोडली.

"भाऊ," मी म्हणाले, "तानावहिनीनं कोणाले काही नाही सांगतलं. त्या दिवशी भोंगे चालू होते. मयुरीचा पुरा निरोप भोंग्यावर वाजला. तुम्हाले बाहेरचा भोंगा आयकू आला नाही."

चक्की बंद होती. त्यांना माझा शब्दन् शब्द पोचला. ते पिठाच्या डब्यावर बसले. मला वाटलं रडतील, ओरडतील, माझ्यावर खोटेपणाचा आळ घेतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठपावतर गेलं?"

"वावरापावतर," मी म्हणाले. "वहिनीनं कुलदीपच्या वावरात आयकलं."

ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. मग दळण तिथंच टाकून उठून गेले. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मला एकही शब्द ऐकू आला नाही. त्यांच्या घरातलं एरवी सगळं ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी तानाबाई कापसाला गेली नाही. मी डोकावले तेव्हा गुलाबराव चुलीजवळ बसून तिला चहा गाळून देत होते, आणि ती तो घेत नव्हती, नुसती कप धरून बसली होती. माझ्याशी ती बरेच दिवस धड बोलली नाही. तिचा राग रास्त होता, आणि मी केलं तेही मला रास्तच वाटतं. दोन्ही असू शकतं.

गुलाबरावांनी लेकीला निरोप बोलून पाठवला. तो मी ऐकला, कारण त्यांना हळू बोलताच येत नाही. त्यांनी काही झाकलं नाही. तुह्या मायचा काही दोष नाही, म्हणाले, माहे कान गेले, मयुरी, लई वर्षं झाले. तू मोठ्यानं लावू नका म्हटलं तेही मले आयकू आलं नाही. मी दार लावलं अन् वायर काढाची राह्यली.  शेवटी म्हणाले, मले माफ कर म्हणाचीही लाज वाटते.

मयुरीचं उत्तर लिहिलेलं आलं. 'बाबा, मी नर्स आहे. हजार लोकांचे कान, डोळे, रक्त बघते. तुम्हाला ऐकू येत नाही हे तुम्ही मला कधीच का सांगितलं नाही? मी तुमच्यापासून दीड महिना लपवलं. तुम्ही किती वर्षं लपवलं?' त्याखाली तिनं जळगाव जामोदला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन तपासणी करायला सांगितलं होतं. मशीन बसवायचं, दोन्ही कानांना, एकालाच नाही. आणि अगदी खाली होतं, 'आईला सांगा, माझा तिच्यावर राग नाही.'

ते त्यांनी तानाबाईला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही.

डिसेंबरात तपासणी आली. काही निघालं नाही. मयुरी सुटली. हेही लिहूनच आलं, खाली रिपोर्टचा फोटो, त्या परक्या भाषेतला. पुंजाजींनी विहारात बुद्धवंदना घेतली, कारण काय ते कोणी विचारलं नाही. गुलाबरावांनी कानाला मशीन बसवलं. पहिल्या दिवशी त्यांना माझी चक्की सहन होईना, म्हणाले, पुष्पा, तू एवढी बोंबलते हे मले माहीतच नव्हतं. आम्ही हसलो. जानेवारीत मयुरी सुट्टीवर यायची होती, ती आली नाही. लिहिलं की वार्डात माणसं कमी आहेत. गावातल्या कोणाला ते खरं वाटलं नाही, आणि कोणी तसं बोललंही नाही.

आता दर रविवारी तिचं लिहिलेलं येतं. चांगलं लांब येतं, रागाचा शब्द नसतो. काय जेवली, बर्फ किती पडला, बाबांनी मशीनची बॅटरी बदलली का, आईच्या गुडघ्याला तेल लावतात का. फोन केला तर ती कट करते आणि लिहिते, ड्युटीवर आहे. गुलाबरावांनी एकदा लिहून विचारलं की पहिल्यासारखं बोलून काहून पाठवत नाही, आता तर मशीन आहे. तिनं लिहिलं, 'लिहिलेलं बरं बाबा, तुम्हाला चुकत नाही.' हे तिनं मायेनं लिहिलं की भीतीनं, ते त्यांना समजत नाही आणि विचारायचं धाडस होत नाही. मलाही समजत नाही. मी एवढी बोलणारी, पण ह्या बाबतीत मी त्यांना काहीच सांगू शकले नाही.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे बसले होते. गुलाबराव निरोप वाचत होते, शाळेतल्या धड्यासारखा, एकाच सुरात. तानाबाई तूर पाखडत होती. ते वाचून थांबले तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. ऑक्टोबरपासून तिनं लेकीचा आवाज ऐकला नव्हता, आणि शेवटचा ऐकला तो वावरात, भोंग्यावरून.

"तिले लिहा," ती म्हणाली. "तुह्या बाबाचे कान गेले होते. तुह्या मायले आयकू येते म्हणा."

गुलाबरावांनी एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत ते लिहिलं. आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. मयुरीनं वाचल्याची खूण आली. बराच वेळ 'लिहीत आहे' असं दिसत राहिलं, मग गेलं, मग पुन्हा दिसलं. उत्तर आलं तेव्हा तानाबाईनं ते दोनदा वाचायला लावलं.

'हो आई, बोलीन. आता नाही.'

तानाबाई म्हणाली, बरं. आणि तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.